पुऱ्या तुपात तळाव्यात की रिफाइंड तेलात?

बुद्ध पौर्णिमेच्या भोजनदानाची तयारी चालली होती. माजलगावच्या आमच्या वस्तीतील विहारात महिला मंडळ सामानाची यादी करायला बसले आणि यादी तेलावर येऊन अडकली. एक ताई म्हणाल्या, "रिफाइंड तेल म्हणजे विष आहे, मोबाईलवर बघितलं मी. यंदा पुऱ्या तुपात तळू." दुसऱ्या मावशी म्हणाल्या, "तूप जळतंय बाई, कडू लागतंय." तिसऱ्या मधला मार्ग काढत म्हणाल्या, "अर्धं तूप, अर्धं तेल घाला. तेलानं तूप जळत नाही, अन् तुपाचा वासही लागतो." मग सगळ्या आमच्याकडे वळल्या. "सिस्टर, तुम्ही सांगा."

दवाखान्याची नोकरी सोडून आम्हाला बरीच वर्षे झाली, पण वस्तीत अजून सिस्टर हेच नाव आहे. आम्ही तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. मंडळाला म्हटले, दोन दिवस द्या, करूनच बघू. जे दिसले ते या पानावर लिहीत आहोत, कारण हा वाद केवळ आमच्या विहारातला नाही, घराघरातला आहे.

आधी धुराचे बोलू. कोणतेही तेल किंवा तूप तापवत गेले की एका ठिकाणी त्यातून निळसर, पातळ धूर सतत निघू लागतो. त्या तापमानाला स्मोक पॉइंट म्हणतात. तेव्हा आत काय होत असते? तेलाचा प्रत्येक बारीक कण म्हणजे एका कण्याला लागलेल्या तीन शेपट्या असे समजा. कणा म्हणजे ग्लिसरीन आणि शेपट्या म्हणजे स्निग्धाम्ले. फार उष्णता लागली की शेपट्या तुटून सुट्या होतात, आणि उरलेला कणा जळून अॅक्रोलीन नावाची वाफ होते. तळणाच्या धुराने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, खोकल्याची उबळ येते, ती या वाफेमुळे. ज्या घरात एकच खोली, वर पत्रे आणि खिडकी नावालाच आहे, तिथे हा धूर झोळीतल्या बाळापर्यंत आणि दम्याच्या म्हाताऱ्यापर्यंत जातो. म्हणून धुराचा प्रश्न चवीच्या आधी येतो.

पुरी तळायला साधारण 180 ते 190 अंश सेल्सिअस उष्णता लागते. भज्यांना त्याहून थोडी कमी, 170 ते 180. करंजीला आणखी कमी, मंद आचेवर 150 ते 160 अंश पुरे. आता नवीन पाकिटातले सोयाबीन, सूर्यफूल किंवा शेंगदाण्याचे रिफाइंड तेल साधारण 225 ते 230 अंशांच्या आसपास धूर सोडते. नीट कढवलेले, गाळलेले स्वच्छ तूप 230 ते 250 अंशांपर्यंत टिकते. म्हणजे पुरीला लागणाऱ्या उष्णतेच्या बरेच पुढे दोन्ही उभी आहेत. तूप जळते म्हणणाऱ्या मावशी आणि रिफाइंडला विष म्हणणाऱ्या ताई, दोघींचेही म्हणणे इथे टिकत नाही.

पण मावशींचा अनुभव खोटा कसा म्हणायचा? त्यांच्या घरचे तूप खरेच जळते. त्याचे कारण आम्हाला कढईत सापडले.

आम्ही तीन लहान कढया घेतल्या आणि प्रत्येकीत पाव लिटरच्या आसपास माल घातला. एकीत नवीन पाकिटातले सोयाबीनचे रिफाइंड. दुसरीत मावशींनी साय साठवून, लोणी काढून घरी कढवलेले तूप, डब्यातून जसे आले तसे. तिसरीत तेच तूप आणि तेच रिफाइंड, निम्मे निम्मे. मोजायला लांब दांडीचा, स्वयंपाकाचा थर्मामीटर घेतला. (तापाचा थर्मामीटर कुणी तेलात घालू नये, तो 42 अंशांच्या आसपास संपतो आणि कढईत फुटेल. हसू नका, आम्हाला हा प्रश्न विचारला गेला आहे.)

रिफाइंडची कढई पुरीची उष्णता ओलांडून गेली तरी स्वच्छ होती. तुपाच्या कढईत मात्र पुरीची उष्णता यायच्या आधीच तळाशी तपकिरी कण फिरू लागले, पाहता पाहता ते काळे झाले आणि करपल्याचा वास सुटला. पातळ धूरही दिसू लागला. मग आम्ही डब्यातले उरलेले तूप पातळ केले, दुहेरी सुती कपड्यातून गाळले आणि पुन्हा तापवले. या वेळी पुरीच्या उष्णतेला ते निवळ राहिले. गाळलेल्या कपड्यावर जे उरले ते सगळ्यांनी पाहिले. ती बेरी होती. लोणी कढवताना दुधातले जे घन पदार्थ खाली बसतात ती बेरी. लहानपणी साखर घालून आपण जी खातो तीच. मावशींच्या कढईत जळत होती ती बेरी, तूप नव्हे.

लोण्यात पाण्याचा अंशही बराच असतो. तूप कमी कढवले की थोडे पाणी मागे राहते. असे तूप तापवताना तडतड उडते, हात भाजतो, आणि डब्यात ठेवल्यावर लवकर खवट होते, कारण पाण्याने त्या शेपट्या आधीच सुट्या होऊ लागतात. सुट्या शेपट्या जितक्या जास्त, तितका धूर लवकर. तेल शुद्ध करताना कारखान्यात मुख्यतः हेच सुटे अंश, चिकट पदार्थ, रंग आणि वास काढून टाकतात. म्हणून रिफाइंड उशिरा धूर सोडते आणि म्हणूनच त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते. उलट आपल्याकडचे घाण्यावरचे करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल वासाला छान, पण ते फार लवकर धुरावते. ते फोडणीला, चटणीवर, ज्वारीच्या भाकरीबरोबर वापरावे, शंभर पुऱ्यांच्या कढईत नको.

आता तिसऱ्या कढईकडे, म्हणजे मिसळणीकडे येऊ. मंडळातल्या बहुतेकींचा विश्वास यावरच होता. तेल घातल्याने तूप जास्त उष्णता सोसते, असा समज सगळीकडे आहे. आमच्या मिसळणीत बेरीचे कण निम्मे होते, म्हणून काळेपणा कमी दिसला. पण जे कण होते ते जवळपास त्याच उष्णतेला करपले. तेल त्यांना वाचवू शकले नाही. तेलात टाकलेला लसूण तेल जास्त असले म्हणून उशिरा करपतो का? तसेच हे. मिसळणीमुळे धुराची रेघ वर सरकत नाही. मिसळलेल्या दोन वस्तूंपैकी जी आधी जळणारी, तीच पहिला धूर देते. आणि तूप गाळलेले, स्वच्छ असेल, तर त्याला मुळात तेलाच्या आधाराची गरजच नाही. बाजारातल्या बटरचेही असेच आहे. त्यात दुधाचे अंश आणि पाणी असते, म्हणून तेल मिसळले तरी तळणात ते काळे पडते.

मिसळणीचा उपयोगच नाही का? आहे, पण तो धुरासाठी नाही. तूप थंडीत थिजते, तेल थिजत नाही. करंजी किंवा शंकरपाळी तेलात तळली की दुसऱ्या दिवशी बोटांना तेल लागते. थोडे तूप असलेल्या मिश्रणात तळली तर वरचे तूप थिजते, वस्तू कोरडी वाटते आणि खुसखुशीत राहते. चार भाग तेलाला एक भाग गाळलेले तूप एवढे पुरते. मात्र थिजलेल्या तुपाची पुरी थंडीत खाल्ली तर टाळूला मेणासारखा थर लागतो. गरम वाढायच्या पुरीला मिसळणीचा काही फायदा नाही.

मग वासाचे काय? तूप कढईत घालायचे ते वासासाठीच. तुपाचा वास म्हणजे त्यातले उडून जाणारे बारीक पदार्थ. पुरी कढईत पडली की तिच्यातले पाणी वाफ होऊन बाहेर येते, बुडबुडे दिसतात ते त्याचेच. ती वाफ तुपाचा पुष्कळसा सुगंध सोबत घेऊन जाते. मग विहारभर वास दरवळतो, सगळे म्हणतात वा, आणि ताटात पुरी येते तेव्हा तो वास छपराला लागलेला असतो. अर्धा तास तापलेल्या कढईतल्या तुपात आणि नुकत्या घातलेल्या चमचाभर तुपात वासाचा जो फरक आहे तो कुणालाही डोळे मिटून कळतो. आम्ही तोही बायांना देऊन पाहिला. खिरीवर घातलेले तूप सगळ्यांनी ओळखले. निम्म्या तुपात तळलेली आणि नुसत्या तेलात तळलेली पुरी मात्र भाजीबरोबर खाताना बहुतेकींना वेगळी ओळखता आली नाही.

आता हिशोब. शंभर माणसे, प्रत्येकी चार पुऱ्या, म्हणजे चारशे पुऱ्या. एक किलो कणकेत मध्यम आकाराच्या चाळीसेक पुऱ्या होतात, म्हणून दहा किलो कणीक. एक पुरी साधारण चार ते पाच ग्रॅम तेल पिते. चारशे पुऱ्या सोळाशे ग्रॅम ते दोन किलो पितील. कढई भरलेली ठेवायला शेवटपर्यंत तीनेक लिटर तेल लागतेच. म्हणून एकूण पाच लिटर.

निम्मे निम्मे करायचे तर अडीच किलो तूप आणि अडीच लिटर तेल. तुपाचा भाव किलोला सहाशे रुपये आणि तेलाचा लिटरला दीडशे रुपये धरला तर तुपाचे पंधराशे, तेलाचे पावणेचारशे, एकूण एक हजार आठशे पंचाहत्तर. यातले जवळजवळ दीड किलो तूप पुऱ्यांत न जाता कढईत उरणार, तासन् तास तापलेले, वास गेलेले. दुसऱ्या हिशोबात पाचही लिटर तेल, साडेसातशे रुपये, आणि अर्धा किलो तूप, तीनशे रुपये. ते तूप शेवटी, पातेले उतरवल्यावर वेलचीबरोबर खिरीत घालायचे. एकूण एक हजार पन्नास. प्रत्येकाच्या वाट्याला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा तूप येते, आणि ते जिभेला कळते. आठशे पंचवीस रुपये वाचतात. मंडळाने त्या पैशांत केळी घ्यायचे ठरवले.

पुरीलाच तुपाची चव हवी असेल तर तूप कणकेत घालावे. अर्धा किलो कणकेला दोन मोठे चमचे तुपाचे मोहन पुरते. पिठाच्या आत अडकलेला वास कढईतल्या तुपाच्या वासाइतका उडत नाही. मोहन वाढवत नेऊ नये, जास्त झाले की पुरी फुगत नाही, खारीसारखी फुटते आणि तेलही जास्त पिते.

तुपाबद्दल एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या ग्रंथात जयपूर संस्थानातील चकवारा गावाची 1936 सालची घटना दिली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या लोकांना जेवण दिले आणि पानात तूप वाढले. एवढ्यावरून शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले आणि अन्न नासवून टाकले. आपल्या आयाबायांना भोजनदानात तूप असावेच असे वाटते, त्यामागे हे सारे आहे. म्हणून तूप टाळा असे आम्ही म्हणत नाही. ते पानात दिसेल, जिभेला लागेल अशा जागी वाढा, एवढेच म्हणणे आहे.

आता रिफाइंडला विष म्हणणाऱ्या ताईंकडे परत जाऊ, कारण त्यांच्या बोलण्यात एक खरा धागा आहे. तो नव्या तेलाबद्दल नसून जुन्या तेलाबद्दल आहे. आम्ही चौथी कढई लावली होती. तिच्यात एका घरातले तीन-चार वेळा तळणाला वापरलेले तेल होते. नवे असताना जे तेल सव्वादोनशे अंशांच्या पुढेमागे धूर सोडते, तेच आता पुरीच्या उष्णतेला धुरावले. प्रत्येक तळणात त्या शेपट्या सुट्या होत जातात, पुरीचे पीठ गळून करपते, हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन नवे, नको ते पदार्थ तयार होतात. म्हणजे स्मोक पॉइंट हा पाकिटावरचा कायमचा आकडा नाही, तो प्रत्येक वापराला खाली उतरत जातो.

आणखी एक बाब. धूर दिसत नाही म्हणजे तेल बिघडत नाही असेही नाही. सूर्यफुलाचे तेल धूर उशिरा देते, पण त्याची घडण नाजूक आहे. पुन्हा पुन्हा तापवल्यावर ते शेंगदाण्याच्या तेलापेक्षा लवकर नासते. तूप घडणीने घट्ट असल्यामुळे या बाबतीत टिकाऊ आहे, पण त्यात कोलेस्टेरॉल असते आणि वारंवार तापवल्याने तेही बिघडते, रक्तवाहिन्यांना घातक रूप घेते. म्हणून तळून उरलेले तूप पुन्हा तळणाला नको. शिवाय तुपात निम्म्याहून जास्त संपृक्त चरबी असते. ज्यांना हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी रोजचे तळण तुपात करू नये. "तूप हलकं असतं" म्हणून जास्त खाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की एक ग्रॅम तूप आणि एक ग्रॅम तेल दोन्ही सारखीच, नऊ कॅलरी उष्णता देतात.

तेल टाकायचे केव्हा, हे ओळखायला यंत्र लागत नाही. हॉटेलवाल्यांसाठी कायदा आहे. 1 जुलै 2018 पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ठरवले आहे की तेलातील बिघडलेल्या पदार्थांचे प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचे नाही. घरी आपल्याकडे मोजमाप नाही, पण डोळे आणि नाक आहे. तेल काळपट झाले, काकवीसारखे दाट झाले, पुरी टाकल्यावर बुडबुडे विरण्याऐवजी बारीक फेस सगळीकडे पसरून राहू लागला, पुरी पडायच्या आत धूर निघू लागला, थंड तेलाला खवट किंवा मासळीसारखा वास येऊ लागला, तर ते संपले. त्यात नवे तेल ओतून ते सुधारत नाही, नवे तेलच जुन्याच्या संगतीने लवकर बिघडते. उघड्या डब्यातले सुटे तेल विकायला कायद्याने मनाई आहे, तरी आपल्या भागात ते मिळते. ते कोणते, किती वेळा तापलेले, हे कळायला मार्ग नसतो, म्हणून लहान का होईना, सीलबंद पाकीट घ्यावे.

पौर्णिमेच्या दिवशी कढईवर आमच्यासोबत दोन बाया होत्या. त्यांना आम्ही एकच गोष्ट सांगितली होती, रिकामी कढई तापत ठेवू नका. पुऱ्या कढईत असतात तोवर त्यांच्यातले पाणी उष्णता खाऊन तेलाला आवरून धरते. एक घाणा काढून दुसऱ्या पुऱ्या लाटेपर्यंत तेल मोकळे सुटते आणि धूर तेव्हाच निघतो. त्या मधल्या वेळात गॅस बारीक करायचा. चुलीवर असाल तर दोन लाकडे बाहेर ओढायची. तेल तापले की नाही हे पाहायला कणकेची गोळी टाकावी. ती तळाशी जाऊन लगेच वर येऊन फिरू लागली की पुरी टाकायला हरकत नाही. तळाशीच राहिली तर तेल थंड आहे आणि पुरी तेल पिईल. पडताक्षणी तपकिरी झाली तर तेल जास्त तापले.

पुऱ्या चालू असताना एका मुलीच्या मनगटावर तेल उडाले. तिची आजी तुपाचा डबा घेऊन धावली. आम्ही तिचा हात वीस मिनिटे नळाच्या थंड पाण्याखाली धरला. भाजल्यावर तूप, टूथपेस्ट, हळद काही लावू नये. तूप उष्णता कातडीत कोंडून ठेवते आणि नंतर जखम साफ करताना त्रास होतो. कढईने पेट घेतला तर पाणी ओतू नये, गॅस बंद करून मोठे झाकण किंवा परात आडवी सरकवून झाकावे.

त्या दिवशी तीन लिटरच्या थोडे खाली तेल उरले. ते थंड झाल्यावर सुती कपड्यातून गाळून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरले आणि वस्तीतल्या चार घरांनी वाटून नेले, भाजीच्या फोडणीसाठी, दोन दिवसांत संपवायचे असे सांगून. पुन्हा तळणाला वापरायचे नाही यावर एका घराने कुरकुर केली. त्यांना गेल्या वेळच्या चौथ्या कढईची आठवण करून दिली.